न पाहिलेल्या शर्टाचं वर्णन

ऑफिसात धाकटीला सगळे 'फटाफट' म्हणत, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्यांना त्यांच्या मालाचं वर्णन लिहून देणं, हा त्या ऑफिसचा धंदा. जागा दोन खोल्यांची. बाहेर लिहिणारे बसत आणि आत पांढरा पडदा लावून फोटोवाला वस्तूंचे फोटो काढी. म्हणजे वस्तू आल्या तर. बहुतेक वेळा वस्तू येतच नसत, नुसता निरोप येई. 'एक छान वर्णन पाहिजे. अर्जंट.' कशाचं वर्णन, कोण विकत घेणार, कुठल्या साइटवर टाकायचं, तिथं किती अक्षरांची मुभा, यातलं काही म्हणजे काही त्यात नसे. डॉक्टरसमोर बसून 'औषध द्या' एवढंच म्हणायचं आणि कुठं दुखतंय ते सांगायचं नाही, असला हा प्रकार.

नवे लागलेले लोक अशा निरोपाला उलट प्रश्न पाठवत आणि उत्तराची वाट बघत बसत. धाकटी त्यांना हसायची. तिचं म्हणणं, प्रश्न विचारले की गिऱ्हाईक बिथरतं. त्याला वाटतं, यांना काही येत नाही. त्यापेक्षा आधी काहीतरी गोड लिहून पाठवावं. चुकलं असलं तर तो चिडतो, आणि चिडला की न विचारता सगळी माहिती देतो. युक्ती वाईट नव्हती, पुष्कळदा साधायची. पण पुष्कळ लोक चिडतच नसत. आलं ते उचलून दुकानावर चिकटवत आणि आपल्या कामाला लागत. पुढं त्या वर्णनाचं काय होई, याची चौकशी धाकटीनं कधी केली नव्हती. एकदा तिनं 'घराची शोभा वाढवणारं' म्हणून जे लिहिलं ते मोरीच्या जाळीवर लागलं होतं, हा किस्सा ती स्वतःच रंगवून सांगायची आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायची. आपल्याला वस्तू बघावी लागत नाही, हा तिला गुण वाटायचा. काही माणसांना आपल्या खोडीचाच अभिमान असतो, आणि चारचौघांनी टाळ्या दिल्या की मग विचारायलाच नको.

थोरल्या बहिणीचा निरोप आला तेव्हा ती डबा खात होती.

'अगं, मी ऑनलाइन दुकान काढलंय. शर्ट आहे. त्याचं छान वर्णन लिहून दे ना. तुझं तर कामच ते.'

बस्स. निरोपात दुसरं काही नव्हतं. थोरली आयुष्यात कधी कुणाकडं काही मागायची नाही. नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळून होता आणि मग गेला, तेव्हाही तिनं कुणाला हाक मारली नव्हती. तो गेल्यावर वर्षभर ती घरात नुसती बसून होती. आता ती दुकान काढते म्हणाली, याचा धाकटीला खरोखर आनंद झाला. इतका आनंद झाला की एका हातानं जेवत दुसऱ्या हातानं तिनं वर्णन लिहूनही टाकलं. 'मऊ, हवेशीर सुती कापडाचा रुबाबदार शर्ट. ऑफिस असो, प्रवास असो वा समारंभ, दिवसभर ताजातवाना लुक. उत्तम शिवण. प्रत्येक पुरुषाच्या कपाटात असायलाच हवा.' आणि खाली, 'ताई, जोरात चालू दे! अभिनंदन!!'

थोरलीनं उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवलं. डबा धुऊन होईपर्यंत धाकटी तो विषय विसरलीही होती.

पुढच्या महिन्यात थोरलीचा फोन आला. ती फोन करत नसे, म्हणून धाकटी उठून जिन्यात गेली.

"त्या बाजारवाल्यांचं पत्र आलंय," थोरली म्हणाली. आवाज सपाट होता. "म्हणतात, तुमचा माल वर्णनाशी जुळत नाही. शर्ट दुकानातून काढून टाकलाय आणि खातं तपासणीला लावलंय. समाधानकारक खुलासा आला नाही तर दुकान बंद करणार म्हणे."

"असं कसं करतील? माणसं काय लिहितायत?"

"परत येतायत शर्ट. जवळजवळ सगळे. एकानं लिहिलंय, पाठीमागून फाटलेला माल पाठवला. एकानं लिहिलंय, पुढची बटणं उघडतच नाहीत, डोक्यातून घालावा लागला. एक बिचारा तसाच ऑफिसला गेला. त्याला लिफ्टमध्ये कुणीतरी सांगितलं."

धाकटीनं येणारं हसू दाबलं. "पाठीमागून फाटलेला? ताई, तू शिवलेला शर्ट फाटेल कसा?"

"फाटलेला नाही गं. तो मागून उघडाच असतो."

"उघडा म्हणजे?"

थोरली म्हणाली, "तुला माहीत नाही?"

जिन्यातून लोक वर-खाली करत होते. धाकटीनं फोन कानाला घट्ट धरला.

"अगं, अंथरुणावरच्या माणसाला घालायचा शर्ट आहे तो," थोरली म्हणाली. "यांना घालायचे तोच. मला वाटलं, तू पाहिलायस. म्हणून नुसतं शर्ट लिहिलं."

धाकटीनं भाऊजींच्या अंगात खरंच पाहिलं होतं, पांढरा शर्ट, ताठ कॉलर. पाहिलं होतं ते समोरून.

"मग मी ते ऑफिस, समारंभ वगैरे लिहिलं, ते तू का नाही बदललंस? तुला दिसलं नाही चूक आहे ते?"

"दिसलं की. पण म्हटलं, तुला जास्त कळतं. म्हटलं, तसंच लिहायची पद्धत असेल."

धाकटीची ती लाडकी युक्ती, की चुकलं तर माणूस ओरडेल, ती थोरलीपुढं साफ आपटली होती. थोरली ओरडणाऱ्यातली नव्हतीच. तिनं विश्वास ठेवला होता.

"खुलासा परवापर्यंत द्यायचाय," थोरली म्हणाली. "मला नाही जमणार. बंद झालं तर झालं. शिवलेले वाटून टाकीन कुणाकुणाला." आणि मग, "सकाळी उठून काहीतरी करायचंय असं वाटायला लागलं होतं, एवढंच."

"मी येते," धाकटी म्हणाली.

मालकाला तिनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मालक म्हणाला, "बहिणीचंच काम ना? मग इथूनच खरड की, फटाफट." आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या नावाचा राग आला.

थोरलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टेकून परत आलेली पुडकी. काही नीट बंद केलेली, काही रागानं फाडलेली. राग माणूस पुडक्यावरही काढतो. एकावर कुणीतरी जाड पेनानं 'फसवणूक' असं लिहून पाठवलं होतं. थोरलीनं ते पुडकं भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतं.

धाकटी आत आली, पिशवी ठेवली आणि लॅपटॉप उघडून बसली. सवय वाईट. "हं, सांग. आधी आपण खुलाशाचं बघू, मग वर्णन. कापड कुठलं लिहू?"

"तू आधी शर्ट तर बघ," थोरली म्हणाली.

तिनं एक शर्ट टेबलावर पसरला. समोरून पाहिलं तर अगदी चारचौघांसारखा. कॉलर, खिसा, बटणांची पट्टी. पण बटणं नुसती वरून शिवलेली, पट्टी आतून बंद. थोरलीनं तो उलटा केला. पाठ मधोमध वरपासून खालपर्यंत उघडी, आणि दोन्ही बाजूंचे पदर इतके रुंद की एकावर एक चढत होते. पदरांच्या वरच्या कोपऱ्यांना टिचबटणं, ती खांद्यावर लागायची.

"टिचबटणं खांद्यावरच का? पाठीवर सोपी पडली असती ना?"

"पाठीवर लावली असती तर त्यांच्यावर निजायचं कुणी?" थोरली म्हणाली. "बटण, शिवण, गाठ, काहीही पाठीखाली आलं की रुततं. आणि माणूस सांगू शकत नाही रुततंय म्हणून." मग तिनं धाकटीकडं असं पाहिलं, जसं लहानपणी वेणी घालायला बोलावताना पाहायची. "चल, निज आत. असं सांगून नाही कळायचं."

आतल्या खोलीत कॉट अजून तशीच खिडकीशी होती. धाकटीला त्यावर आडवं व्हायला नको वाटत होतं, पण ती झाली.

"आता अंग सैल सोड. हात उचलायचा नाही. मदत करायची नाही अजिबात."

"नाही करत."

"करतेयस. मान ताठ केलीयस."

धाकटीनं मान सोडली, डोळे मिटले. दिवसभर टकटक करणारी ती बोटं तिनं चादरीवर तशीच पडू दिली. थोरलीनं शर्ट तिच्या अंगावर समोरून पांघरला. मग स्वतःचा हात बाहीच्या तोंडातून उलटा आत घातला, धाकटीचा पंजा अलगद पकडला आणि बाही त्याच्यावरून ओढून घेतली. लहान मुलाला झबलं घालतात तसं. दुसरा हातही तसाच. मग एका कुशीवर थोडंसं वळवलं, पदर पाठीखाली सरकवला, हातानं सपाट केला, पुन्हा केला. दुसऱ्या कुशीवर. खांद्यावर टिचबटणाचा आवाज आला, एकदा आणि पुन्हा एकदा. थोरलीची बोटं कॉलरवरून फिरली.

"झालं," ती म्हणाली.

धाकटीला उठायचं नव्हतं. पाठीखाली तिला काही म्हणजे काहीच जाणवत नव्हतं. "इतकंच?"

"इतकंच. साधा शर्ट घालायचा तर माणूस उठवून बसवावा लागतो. एकटीनं नाही होत. आणि हात मागे वळवताना ते ओरडायचे. बोलता येत नव्हतं, पण ओरडता यायचं." थोरली कॉटच्या कडेवर बसली. तिनं कमरेवर हात ठेवला, तो कदाचित सवयीनं. "माझी कंबर गेली त्यात."

धाकटी तशीच पडून राहिली. तिला लाज वाटत होती, आणि ती चुकीच्या वर्णनाची कमी आणि दुसऱ्याच कशाची तरी जास्त होती. तीन वर्षं. रोज सकाळी. ह्या खोलीत हे चाललं होतं आणि ती 'ताई कशी आहेस, काळजी घे' असं लिहून पाठवत होती. तेही फटाफट.

मग ती उठून बसली, तोच शर्ट अंगावर ठेवून, आणि जे काम तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते सुरू केलं. प्रश्न विचारायला लागली.

"धुवायला कसा? गरम पाण्यात चालतो?"

"गरम पाण्यातच धुवायचा. रोज. म्हणून कापड आधी भिजवून आटवून घेते, मगच बेतते."

"मापं?"

"छातीचं माप नेहमीपेक्षा सैल. बाही जास्तच सैल. सूज असते कधीकधी हाताला."

"घेणार कोण हा?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोण माणूस दुकानात येऊन हा शोधणार? आम्ही त्याला गिऱ्हाईक म्हणतो. मी सरळ 'प्रत्येक पुरुष' लिहून मोकळी झाले होते."

थोरली विचारात पडली. "घालणारा घेणार नाही. त्याला कुठलं शोधता येतंय? घेणार ती घालून देणारी. किंवा घालून देणारा. बायको, मुलगा, सून, कुणीतरी कामाला ठेवलेलं माणूस."

"आणि ती काय शब्द टाकून शोधेल? 'मागून उघडा शर्ट'?"

"छे. मागून उघडा असा शर्ट असतो हेच कुणाला माहीत नसतं. मला तरी कुठं होतं?" थोरली म्हणाली. "मी एकदा फोनवर काय शोधलं होतं सांगू? 'उठता न येणाऱ्या माणसाला शर्ट कसा घालायचा.' शर्ट शोधत नव्हतेच मी. कसा घालायचा ते शोधत होते."

धाकटीनं ते तसंच्या तसं लिहून घेतलं. वर्णनाच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. तिथं शोधाचे शब्द भरायचे. एरवी ती तिथं 'फॅशन', 'ट्रेंडी', 'बेस्ट' असं काहीबाही कोंबायची. आता तिथं थोरलीचं वाक्य गेलं.

आधी तिनं नाव बदललं. नाव लांब झालं की फोनच्या पडद्यावर मागचं छाटलं जातं, म्हणून महत्त्वाचं पुढं घेतलं: 'मागून उघडणारा शर्ट, अंथरुणावरच्या व्यक्तीसाठी, न उठवता घालता येतो.' कपडे-विभागातल्या 'ऑफिस वेअर'मधून माल काढून रुग्णसेवेच्या कपड्यांत टाकला. थोरलीनं आजवर समोरचा एकच फोटो लावला होता, पाठीचा चांगला दिसत नाही म्हणून. धाकटीनं कॉटवर दुसरा शर्ट पसरून पाठीचे, खांद्याचे, बंद पट्टीचे फोटो काढले. ऑफिसातल्या फोटोवाल्यानं नाक मुरडलं असतं, पण उजेड चांगला होता आणि जे दाखवायचं ते दिसत होतं.

"लिही, याच्यानं पाठीला जखमा होत नाहीत," थोरली म्हणाली.

"ते नाही लिहिता येणार. तसा दावा केला की औषधाचा दावा केला असं धरतात, आणि ते आपण सिद्ध कुठं करणार? जे आहे ते लिहू. पाठीखाली शिवण नाही, बटण नाही. पुढचं वाचणाऱ्याला कळतं."

"तुला येतं गं," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदा थोडी ऊब आली. धाकटीला मात्र ते ऐकून रडू आलं. तिनं नाक ओढून ते परतवलं आणि स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

खुलासा सर्वांत सोपा निघाला. त्यात तीन गोष्टी सांगायच्या असतात: चूक कशामुळे झाली, आता काय दुरुस्त केलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. असले खुलासे तिनं दुसऱ्यांसाठी पुष्कळ लिहिले होते. त्यात नेहमी 'तांत्रिक कारणामुळे' असं घालायचं असतं. तिनं ते घातलं, आणि मग खोडलं. तिनं लिहिलं, 'वर्णन लिहिणाऱ्या व्यक्तीनं वस्तू पाहिली नव्हती आणि विक्रेत्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. आता वस्तू पाहून, वापरून, नवं वर्णन लिहिलं आहे. माल परत पाठवलेल्या सर्व ग्राहकांना पूर्ण परतावा दिला आहे. यापुढे वस्तू पाहिल्याशिवाय वर्णन लावलं जाणार नाही.'

थोरलीनं खांद्यावरून वाचलं. "कशाला स्वतःला दूषण देतेस? माझंही चुकलंच."

"तू गिऱ्हाईक होतीस," धाकटी म्हणाली. "विचारायचं मी."

मग राहिलं वर्णन. ती लिहीत गेली, थोरली सांगत गेली. कापड, मापं, धुणं, घालायची रीत पायरीपायरीनं. बसून असणाऱ्यांसाठी हा शर्ट नाही, चालत्याफिरत्यांनी तर मुळीच घेऊ नये, हेही लिहिलं. रकान्याखालचा अक्षरांचा आकडा वाढत वाढत गेला आणि लाल झाला. इथं मर्यादा असते. आकडा लाल असेतो पान जतन होत नाही.

धाकटी छाटायला बसली. त्यात तिचा हातखंडा. जिथं दोन शब्दांचं काम एकानं भागतं तिथं तिनं भागवलं. तरी थोडं जास्तच होतं. तिची नजर थोरलीनं शेवटी सांगितलेल्या वाक्यावर गेली. 'समोरून नेहमीच्या शर्टासारखाच दिसतो. भेटायला येणाऱ्यांना फरक कळत नाही.'

"हे काढते," ती म्हणाली. "छान आहे, पण गरजेचं नाही. घालायला सोपा, धुवायला सोपा, हे महत्त्वाचं. भेटायला येणाऱ्यांचं काय एवढं?"

"ते राहू दे," थोरली म्हणाली.

"ताई, जागा नाहीये. दुसरं काय काढू?"

"काहीही काढ. ते राहू दे."

थोरली हट्ट करत नसे. धाकटीनं मान वर करून पाहिलं.

"त्याच्यासाठीच तर शिवला," थोरली म्हणाली. "नाहीतर दवाखान्याचा गाऊन होताच की. तोही मागून उघडा, घालायला सोपा. शर्टाचं जमेना तेव्हा मी तोच घालायला लागले यांना. काही अडत नव्हतं." ती हातातल्या शर्टाची कॉलर बोटानं सरळ करत होती. "मग एक दिवस तुझा निरोप आला, येतेय म्हणून. यांनी गाऊनची कड डाव्या हातानं धरून ओढली. ओढतच राहिले. मला कळेचना. मग कळलं. मेहुणी येणार, तिच्यासमोर हे अंगावर नको. मग मी यांचा पांढरा शर्ट कपाटातून काढला आणि पाठीतून फाडला. मशीनवर बसले. तू बेल वाजवलीस तेव्हा शेवटचं टिचबटण लावत होते. तो पहिला."

धाकटीला ती भेट आठवली. किती आठवावी? येताना तिनं खाली रिक्षा थांबवून ठेवली होती. दारातूनच म्हणाली होती, 'अरे वा भाऊजी, मस्त दिसताय की!' खुर्चीच्या कडेवर बसली, पाणी प्यायली, आणि निघाली. उतरताना जिन्यात तिनं आईला फोन केला होता: भाऊजी पुष्कळ बरे वाटले, एकदम टापटीप, तू उगाच काळजी करतेस. ती पुन्हा आली ती ते गेल्यावर.

"मला वाटलं होतं, ते बरे होतायत," ती म्हणाली.

"हो ना. तसंच वाटावं म्हणून तर होता." थोरलीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर धाकटीला सोपं गेलं असतं. "तू मस्त दिसताय म्हणालीस ना, तर दोन दिवस खुशीत होते. खरंच."

धाकटीच्या अंगात तो शर्ट अजून होता. तिनं हात पुढं करून वर्णनातली स्वतःची पहिली ओळ काढून टाकली. 'काळजी आणि आरामाचा सुंदर मेळ', अशी होती ती. फार सुरेख जमली होती. ती गेल्यावर आकडा काळा झाला. भेटायला येणाऱ्यांची ओळ तिनं तिथंच, वर नेऊन ठेवली, आणि पान जतन केलं. खुलासाही पाठवला.

मग ती चार दिवस रोज संध्याकाळी थोरलीकडं जात राहिली. ऑफिसात तिच्या मेजावर निरोप साचले. तिनं प्रत्येकाला उत्तर पाठवलं: वस्तू काय आहे, कोणासाठी आहे, कुठं विकणार, कृपया सांगा, जमल्यास वस्तू पाठवा. दोघंजण बिथरून दुसरीकडं गेले. मालकानं कपाळाला हात लावला आणि तिचं नाव बदलून 'चौकशी खिडकी' ठेवलं. तिनं ते हसून घेतलं. ऑफिसातली हवा दोन्ही नावांनी तेवढीच कोंदट होती.

खुलासा मान्य झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्या दोघी जेवत होत्या. खातं चालू, दुकान चालू, पुढचे काही आठवडे परतीवर लक्ष ठेवलं जाईल अशी समज. थोरलीनं पत्र दोनदा वाचलं आणि उठून मशीनवरचं फडकं काढलं. सकाळपर्यंत थांबायचीही तिची तयारी नव्हती.

तीनचार शर्ट गेले. एकही परत आला नाही. मग एका संध्याकाळी थोरलीनं फोन धाकटीपुढं केला. शर्टाच्या पानावर कुणीतरी प्रश्न विचारला होता.

'वडील अंथरुणावर आहेत. माझा भाऊ परदेशातून रविवारी त्यांना भेटायला येतोय, एकच दिवस. त्याच्या आत शर्ट मिळेल का?'

"तू लिही उत्तर," थोरली म्हणाली. "मला इतकं नीट लिहिता येत नाही."

धाकटीनं पिनकोड पाहिला, पोचायचा दिवस पाहिला आणि लिहिलं, 'हो, शनिवारी मिळेल.' पाठवायला बोट पुढं केलं, आणि थांबली. उत्तरात मालाशिवाय दुसरं काही लिहिलं तर बाजारवाले काढून टाकतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं खाली आणखी एक ओळ घातली.

'भावाला सांगा, शर्ट बघून लगेच उठू नकोस. जरा वेळ बस.'